अकाउंट मॅनेजर बदलताना: ठाण्यातल्या एका कर सल्ला कार्यालयाचं प्रकरण

नौपाड्यातल्या आमच्या कार्यालयात छोट्या-मध्यम धंद्यांचे हिशेब, जीएसटी आणि टीडीएसचं काम चालतं. ग्राहक म्हणजे वागळे इस्टेटमधले कारखाने, जांभळी नाक्यावरचे होलसेल व्यापारी आणि घोडबंदर रोडवरच्या काही सेवा कंपन्या. एका अकाउंट मॅनेजरकडे तीसेक ग्राहक असतात. बिलं मागवणं, रिटर्न भरणं, नोटिशीला उत्तर देणं, रात्री साडेनऊला आलेला फोन घेणं, हे सगळं त्याच्याकडे. ग्राहकाला कार्यालयाचं नाव आठवेलच असं नाही, पण आपला माणूस कोण हे तो कधी विसरत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या सर्वांत जुन्या अकाउंट मॅनेजरने राजीनामा दिला. महापेच्या एका कंपनीत त्यांना लेखा विभाग सांभाळायची नोकरी मिळाली होती. महिन्याची नोटीस होती आणि शेवटचा दिवस ३० नोव्हेंबर. भांडण नाही, तंटा नाही. तरीही हा बदल कळवण्याचं काम नाजूक होतं, कारण तारीख अडचणीची होती.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मागच्या आर्थिक वर्षात राहून गेलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, घ्यायची मुदत ३० नोव्हेंबरला संपते. प्रत्यक्षात ते ऑक्टोबरच्या जीएसटीआर-३बी या मासिक रिटर्नमध्येच घेतलं जातं आणि ते रिटर्न २० नोव्हेंबरपर्यंत भरायचं असतं. त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-९. वर्षभरात कुठलं बिल का सोडलं, कुठलं क्रेडिट का उलटवलं, हे जाणारा माणूस जाणतो आणि त्या वर्षाचा हिशेब मांडायचा असतो येणाऱ्या माणसाने. त्यामुळे आपलं वार्षिक रिटर्न आता कोण भरणार आणि त्याला आपलं काय माहीत आहे, हा ग्राहकाचा पहिला प्रश्न असणार हे उघड होतं. ‘सेवेत कोणताही खंड पडणार नाही’ या वाक्यात त्याचं उत्तर नाही.

कधी सांगायचं

राजीनामा आला त्याच दिवशी सगळ्यांना मेल टाकावा, असं एका भागीदारांचं मत होतं. आम्ही थांबलो, कारण तेव्हा नवीन माणूस ठरला नव्हता. ‘तुमचे मॅनेजर जात आहेत, पुढचं लवकरच कळवू’ अशी बातमी ग्राहकाच्या हातात फक्त काळजी ठेवते. त्या रिकाम्या दिवसांत तो दुसऱ्या सल्लागाराला फोन करतो, आणि तसं करण्यात त्याची काही चूक नसते.

दुसरं टोक म्हणजे ३० तारखेला संध्याकाळी कळवणं. तेही नको होतं. अशा बातम्या ठाण्यात फुटतात. कारखान्यांचे हिशेबनीस एकमेकांना ओळखतात, एकाच लोकलने येतात-जातात. ग्राहकाला बाहेरून कळलं की ‘माझ्यापासून लपवलं’ ही भावना आधी येते, आणि मग आपण कितीही समजावलं तरी ते सारवासारव वाटतं.

शेवटी आम्ही महिन्याच्या तारखांप्रमाणेच चाललो. पहिल्या आठवड्यात नवीन मॅनेजर ठरल्या. त्या आमच्याकडेच काम करणाऱ्या, पण या ग्राहकांना न भेटलेल्या. ११ तारखेचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, त्यांनी जुन्या मॅनेजरच्या शेजारी बसून पाहिलं. १४ तारखेला पोर्टलवर २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून किती क्रेडिट मिळतं त्याची यादी, आली, आणि २० तारखेच्या ३बीच्या वेळी उलट केलं: रिटर्न त्यांनी तयार करायचं आणि जुन्यांनी तपासायचं. ग्राहकांना फोन सुरू झाले ते २१ तारखेला. याचा फायदा असा की फोनवर ‘त्या शिकून घेतील’ असं म्हणावं लागलं नाही. ‘तुमचं ऑक्टोबरचं ३बी त्यांनीच केलंय’ हे खरं होतं आणि ते सांगता आलं.

११ ते २० या काळात कुणालाच कळवलं नाही, एक अपवाद सोडून. ज्यांची जीएसटी खात्याची नोटीस चालू होती त्या ग्राहकाला आधी सांगितलं.

तो एक ग्राहक

वागळे इस्टेटमध्ये पुठ्ठ्याचे खोके बनवणारा कारखाना. दोन भाऊ भागीदार. थोरले कारखाना बघतात, धाकटे विक्री. त्यांना एएसएमटी-१० नोटीस आली होती: ३बीमध्ये घेतलेलं क्रेडिट २बीपेक्षा जास्त का? कारण साधं होतं. कागद पुरवणाऱ्या एका पुरवठादाराने तीन बिलं उशिरा दाखवली होती, ती पुढच्या महिन्याच्या २बीमध्ये आली. उत्तर मुदतीत, एएसएमटी-११ मध्ये गेलेलं होतं. पण अधिकाऱ्याने उत्तर मान्य केल्याचं एएसएमटी-१२ अजून आलेलं नव्हतं. म्हणजे प्रकरण उघडंच.

थोरल्या भावांना जुन्या मॅनेजरनीच फोन केला. भागीदार शेजारी बसले होते. आधी मेल नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग:

“अहो, पाच वर्षं तुम्ही आमची फाइल बघताय. आता ती तीन बिलांची रामकथा आम्ही पुन्हा पहिल्यापासून सांगत बसायची का?”

“नाही साहेब. तुमच्या उत्तराची प्रत, पुरवठादाराचं पत्र आणि तिन्ही बिलं नवीन मॅडमनी वाचलीत. त्यांना यात एक प्रश्न पडलाय, तो त्या तुम्हाला आत्ताच विचारतील.”

मग नवीन मॅनेजर फोनवर आल्या आणि त्यांनी विचारलं की तिसऱ्या बिलाचा माल दोन गाड्यांतून आला होता, तर दुसऱ्या गाडीची पावती कारखान्यात आहे का. थोरल्या भावांचा आवाज तिथे बदलला. त्यांनी स्टोअरमधल्या माणसाला हाक मारली आणि पावती शोधायला लावली.

मला या सगळ्या प्रकरणात हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘मी तुमची फाइल वाचली आहे’ असं कुणीही म्हणू शकतं. फाइल वाचल्याशिवाय जो प्रश्न सुचूच शकत नाही, तो विचारला की ग्राहकाला वेगळी खात्री द्यावी लागत नाही. म्हणून पुढे प्रत्येक फोनआधी नवीन मॅनेजरनी त्या ग्राहकाच्या फाइलमधून असा एक तरी खरा प्रश्न काढायचा, असं ठरलं. काही फायली इतक्या साध्या होत्या की विचारण्यासारखं काही नव्हतं. तिथे ओढूनताणून प्रश्न विचारला नाही.

याच ग्राहकाकडून एक कागदही घ्यायचा होता. नोटिशीच्या सुनावणीला ग्राहकाच्या वतीने उभं राहायचं तर अधिकारपत्र लागतं, आणि ते जुन्या मॅनेजरच्या नावाने होतं. नवीन अधिकारपत्र दोन्ही भावांच्या सहीने २४ तारखेला घेतलं. हे राहिलं असतं तर डिसेंबरात सुनावणीची तारीख लागल्यावर नवीन मॅनेजर दारातच अडल्या असत्या.

पत्रात काय लिहिलं

फोन झाल्यावर त्याच दिवशी पत्र गेलं, मेलवर आणि कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवरून. खोक्यांच्या कारखान्याला गेलेलं पत्र नावं गाळून देते आहे:

> सप्रेम नमस्कार.
>
> आज फोनवर बोलणं झाल्याप्रमाणे, आपलं काम पाहणारे आमचे सहकारी ३० नोव्हेंबरला आमच्या कार्यालयातून बाहेर पडत आहेत. १ डिसेंबरपासून आपलं काम ज्या पाहतील, त्यांचं नाव आणि कार्यालयाचा मोबाइल नंबर खाली दिला आहे. आपलं ऑक्टोबरचं जीएसटीआर-३बी त्यांनीच तयार केलं आहे.
>
> आज आपली चालू असलेली कामं अशी आहेत. एएसएमटी-१० नोटिशीला उत्तर दिलेलं आहे, एएसएमटी-१२ ची वाट पाहत आहोत. नवीन अधिकारपत्र आपल्याकडून घ्यायचं आहे. मागील वर्षाच्या जीएसटीआर-९ चं खरेदी जुळवणीचं काम पूर्ण आहे, विक्रीचं बाकी आहे. मसुदा १५ डिसेंबरपर्यंत आपल्याकडे येईल. नोव्हेंबरची विक्रीची बिलं नेहमीप्रमाणे ५ डिसेंबरपर्यंत पाठवावीत.
>
> आपली फी, कामाची व्याप्ती आणि आमचं बँक खातं यांत काहीही बदल नाही. बँक खातं बदलल्याचा निरोप कुणाच्याही नावाने आला, तर पैसे पाठवण्यापूर्वी आमच्या जुन्या बिलावर छापलेल्या लँडलाइनवर फोन करून खात्री करावी.
>
> यातलं काही आपल्या माहितीशी जुळत नसेल तर कृपया लगेच कळवा.

पत्राचा पहिला आणि तिसरा परिच्छेद सगळ्यांना सारखाच होता, फक्त रिटर्नचा उल्लेख ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे. मधला परिच्छेद प्रत्येकासाठी वेगळा लिहिला, आणि तो जुन्या मॅनेजरनी लिहून नवीन मॅनेजरनी तपासला. खरं तर कामाचं हस्तांतरण तो परिच्छेद लिहितानाच झालं. ‘विक्रीचं बाकी आहे’ असं ग्राहकाला लेखी द्यायचं म्हटल्यावर नक्की काय बाकी आहे हे दोघांनाही उघडून बघावं लागतं. दोन-तीन ग्राहकांनी ‘हे राहिलंय’ असं सांगणारी उत्तरंही पाठवली. एकीने, घोडबंदरच्या डिझाइन फर्मच्या मालकीणबाईंनी, ऑगस्टमध्ये तोंडी सांगितलेला भाड्याच्या करारातला बदल कळवला. त्यामुळे भाड्यावरचा टीडीएस बदलणार होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता.

बँक खात्याची ओळ काही जणांना अस्थानी वाटली. ती मी आग्रहाने ठेवायला लावली. माणूस बदलतो त्या दिवसांत ग्राहक अनोळखी नावाच्या मेलची वाटच पाहत असतो, आणि फसवणारा नेमका त्याचाच फायदा घेतो. मेल पत्त्यातलं एखादं अक्षर वेगळं, खाली नवीन मॅनेजरचं नाव आणि ‘यापुढे फी या खात्यात भरावी’. डिसेंबरात नवीन मॅनेजरनी पहिलं फीचं बिल पाठवलं तेव्हा एका ग्राहकाच्या हिशेबनिसाने पैसे थांबवून लँडलाइनवर फोन केला. मेल खराच होता, खातंही जुनंच. त्याने विचारलं याचं आम्हाला बरं वाटलं.

जाण्याचं कारण पत्रात दिलं नाही. फोनवर कुणी विचारलं तर जुने मॅनेजर स्वतःच सांगत होते: दुसरीकडे नोकरी मिळाली आहे. ते स्वतःचं कार्यालय काढणार असते तर पहिला फोन भागीदारांनी केला असता आणि जाणारा माणूस फक्त भेटीच्या वेळी सोबत असता. तेव्हाही कारण विचारल्यावर खरं तेच सांगावं, असं माझं मत आहे. महिन्याभरात ते ग्राहकाला कळतंच.

ओटीपी कुणाच्या फोनवर येतो

आमच्या क्षेत्रात हे दुखणं जुनं आहे. धंदा सुरू करताना जीएसटी नोंदणी सल्लागाराकडून करून घेतली जाते आणि पोर्टलवर मोबाइल नंबर, ईमेल सल्लागाराचाच टाकला जातो. ग्राहकालाही ते बरं वाटतं, सारखा ओटीपी विचारायला फोन येत नाही. मग तो माणूस नोकरी सोडतो आणि ग्राहकाच्या धंद्याची किल्ली त्याच्या खिशात जाते.

जुन्या मॅनेजरच्या तीसेक ग्राहकांपैकी सात जणांचे ओटीपी त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर येत होते. रिटर्नचा ओटीपी एक वेळ फोन करून मागता येईल, पण ई-वे बिलाचं काय? तिथेही आता लॉगिनला ओटीपी लागतो. गुजरातला जाणारा ५०,००० रुपयांवरचा माल गाडीत भरलेला आहे, संध्याकाळचे सात वाजलेत, ड्रायव्हर फाटकावर उभा आहे आणि ओटीपी महापेतल्या एका मीटिंगमध्ये बसलेल्या माणसाच्या फोनवर. दोन महिन्यांनी तो ओटीपी सांगण्याचं त्याच्यावर कसलंही बंधन नाही, आणि कार्यालय सोडलेल्या माणसाकडून तो घेणंही योग्य नाही.

म्हणून या सात जणांचे नंबर ३० तारखेच्या आत बदलले. अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा मोबाइल आणि ईमेल बदलणं ही पोर्टलवर ‘नॉन-कोअर’ दुरुस्ती आहे, तिला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. लॉगिन आणि जुना फोन हाताशी असला की काम तिथल्या तिथे होतं. ते नसेल तर ग्राहकाला ओळखीचे आणि धंद्याचे कागद घेऊन आपल्या अधिकाऱ्याकडे जावं लागतं आणि तो नंबर बदलून देतो. नवीन नंबर ग्राहकाचाच टाकला, आमच्या नवीन मॅनेजरचा नाही. दोघा-तिघांनी कुरकुर केली, “मॅडमचाच टाका ना, आम्हाला कुठे वेळ आहे?” त्यांना नम्रपणे नाही म्हटलं. ई-वे बिलासाठी मात्र कारखान्यातल्या डिस्पॅचच्या माणसाच्या नावाने सब-युजर करून दिला, म्हणजे मालकांच्या फोनवर सगळं अडून राहत नाही.

डिजिटल स्वाक्षरीचे टोकनही असेच. ग्राहकांची ती छोटी यूएसबी टोकन जुन्या मॅनेजरच्या खणात, रबर लावून, प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी. ती एकेक करून वहीत नोंदवली, वैधता कधी संपते ते लिहिलं आणि ज्याची त्याला परत देऊन सही घेतली. ज्यांनी आमच्याकडेच राहू द्या म्हटलं त्यांच्याकडून तसं लेखी घेतलं.

जिथे अडलं

जांभळी नाक्यावरचे एक व्यापारी, वय सत्तरच्या पुढे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. फोनवर त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, “बरं बरं, असू दे” म्हणाले. पत्र त्यांच्या मुलाच्या मेलवर गेलं, त्याने ते उघडलं नाही. डिसेंबर लागला आणि काका सवयीप्रमाणे विक्रीच्या बिलांचे फोटो जुन्या मॅनेजरच्या खासगी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत राहिले. तिकडे नवीन नोकरीच्या गडबडीत ते पाहिले गेले नाहीत.

हे उघडकीस आलं ८ डिसेंबरला. प्रत्येक ग्राहकाकडून नवीन नंबरवर पहिला कागद कधी आला, याचा एक रकाना नवीन मॅनेजरनी वहीत ठेवला होता आणि काकांसमोर तो रिकामा होता. ११ तारखेचं जीएसटीआर-१ चुकलं असतं तर काकांकडून माल घेणाऱ्या दुकानदारांना १४ तारखेच्या २बीमध्ये ती बिलं दिसली नसती, त्यांचं क्रेडिट महिनाभर लांबलं असतं आणि त्यांचे फोन काकांना गेले असते. नवीन मॅनेजर स्वतः दुकानात गेल्या. काकांच्या फोनमध्ये कार्यालयाचा नंबर जतन केला आणि सवयीने शोधताना सापडावा म्हणून तो जुन्या मॅनेजरच्याच नावापुढे ‘ऑफिस नवीन’ असं जोडून ठेवला. बिलं तिथेच बसून घेतली. रिटर्न १० तारखेला गेलं.

फोनवरचं ‘बरं बरं’ ही पोच धरायची नाही, हे तेव्हापासून ठरलं. नवीन नंबरवर ग्राहकाचा पहिला कागद आला की त्याचं नाव यादीतून काढायचं. जुन्या मॅनेजरनीही त्यांच्या फोनवर एक ठरावीक उत्तर तयार ठेवलं: मी आता तिथे नाही, कागद या नंबरवर पाठवा, हे मी पुढे पाठवलेले नाहीत. शेवटचं वाक्य मुद्दाम होतं. नाहीतर ग्राहक ‘पोचलं असेल’ असं धरून चालतो.

खोक्यांच्या कारखान्याचा जीएसटीआर-९ चा मसुदा १४ डिसेंबरला गेला, थोरल्या भावांनी दोन आकडे विचारले आणि रिटर्न महिन्याच्या शेवटच्या आठवड्याआधी भरलं गेलं. दुसऱ्या गाडीची पावती सापडली होती, ती नोटिशीच्या फाइलला लावली आहे. एएसएमटी-१२ हे लिहीपर्यंत आलेलं नाही.

एक ग्राहक मात्र गेला. सेवा क्षेत्रातली छोटी फर्म, कुठलंही काम अडलेलं नव्हतं. मालकांनी स्वच्छ सांगितलं, “मी तुमच्या कार्यालयाकडे नाही, त्यांच्याकडे येत होतो.” त्यांना थांबवायला फी कमी करावी अशी सूचना झाली, ती आम्ही घेतली नाही. ज्याला माणूस हवा होता त्याला स्वस्त दर देऊन काय मिळणार? त्यांना तीन वर्षांची रिटर्न, जुळवणीच्या फायली, पोर्टलचे पासवर्ड बदलण्याची सूचना आणि त्यांचं टोकन एका पाकिटात घालून दिलं, आणि त्यांच्या नव्या सल्लागाराला फाइल समजावून सांगायला नवीन मॅनेजर एक दुपार जाऊन बसल्या.